एकतीस तारखेचं बिल

31 ऑगस्टला एखादी मासिक वर्गणी सुरू केली, तर पुढचे पैसे कधी कापले जातील? ‘महिन्याभराने’ असं उत्तर कुणीही देईल. पण सप्टेंबरला एकतीस तारीखच नाही. मग पैसे 30 सप्टेंबरला कापले जातात, पुढे 31 ऑक्टोबरला, मग 30 नोव्हेंबरला, 31 डिसेंबरला, 31 जानेवारीला, आणि मधेच 28 फेब्रुवारीला. बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून बसलेल्या माणसाला वाटतं, कंपनी मनाला येईल तेव्हा हात घालते खिशात. सिनेमा-मालिकांचं ॲप असो, वर्तमानपत्राची डिजिटल आवृत्ती असो की फोटो साठवायची जागा, सगळीकडे हा अनुभव सारखाच.

गंमत अशी की या सगळ्या महिन्यांत कंपनीच्या संगणकातली तारीख एकदाही हललेली नसते. तिथे ‘31’ हा आकडा पहिल्या दिवशी नोंदला गेला आणि तसाच राहिला. दर महिन्याला संगणक तो आकडा उचलतो, या महिन्यात ती तारीख आहे का बघतो, आणि नसेल तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी थांबतो. या नोंदलेल्या तारखेला बिलिंगवाले ‘अँकर’ म्हणतात. कंपन्यांना ऑनलाइन पैसे वसूल करून देणारी स्ट्राइप ही मोठी सेवा आहे. तिच्या प्रणालीत या नोंदीचं नावच `billing_cycle_anchor` असं आहे, आणि 31 जानेवारीचा अँकर असेल तर बिल फेब्रुवारीत 28 किंवा 29 ला, मार्चमध्ये 31 ला आणि एप्रिलमध्ये 30 ला निघेल, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. नेटफ्लिक्ससारख्या सेवाही महिन्यात नसलेल्या तारखेचं बिल त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घेतात.

आपल्याला स्टेटमेंटमध्ये दिसते ती तारीख आणि कंपनीने धरून ठेवलेली तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात आलं की पुढचं बरंच कोडं सुटतं. बरंच म्हणतो, सगळं नाही. कारण सगळ्याच कंपन्या मूळ तारीख धरून ठेवत नाहीत.

दुसरी एक रीत आहे, ती वरवर पाहता तितकीच सरळ वाटते. मागचं बिल ज्या दिवशी झालं, त्यात एक महिना मिळवायचा. घरच्या संगणकावर एक्सेल असेल तर दोन्ही रीतींतला फरक दोन मिनिटांत बघता येतो. A1 या चौकटीत 31 जानेवारी 2027 ही तारीख टाका आणि खालची तीन सूत्रं शेजारच्या चौकटींत लिहा. उत्तर आकड्यांत दिसलं तर त्या चौकटींना तारखेचं रूप द्या.

```
=EDATE(A1,1)
=EDATE(A1,2)
=EDATE(EDATE(A1,1),1)
```

पहिल्याचं उत्तर 28 फेब्रुवारी येतं. दुसऱ्याचं, म्हणजे मूळ तारखेपासून दोन महिने मोजले तर, 31 मार्च. तिसऱ्यात आपण आधी एक महिना पुढे गेलो आणि तिथून पुन्हा एक महिना. त्याचं उत्तर 28 मार्च. एकदा फेब्रुवारीतून गेलं की एकतीस हा आकडा पुसला जातो आणि परत येत नाही. पुढे एप्रिल, मे, जून, सगळीकडे अठ्ठावीसच. 31 ऑगस्टच्या वर्गणीला ही रीत लावली, तर सप्टेंबरातच ती तिसावर घसरते आणि फेब्रुवारीत अठ्ठाविसावर जाऊन बसते.

पैशाच्या हिशेबात हा फरक फार मोठा नाही. घसरणीत ग्राहकाचे तीन दिवस एकदाच जातात. मूळ तारीख धरणाऱ्या रीतीत 31 जानेवारी ते 28 फेब्रुवारी हा महिना अठ्ठावीस दिवसांचा आणि पुढचा एकतीस दिवसांचा, पण वर्षाला बिलं बाराच होतात आणि बारावं बिल पुन्हा 31 जानेवारीलाच येतं. तिसराही एक प्रकार आहे, तो बहुतेक वेळा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या दुर्लक्षातून होतो. जावास्क्रिप्टला 31 जानेवारीचा महिना एकाने वाढवायला सांगितलं, तर ती भाषा ‘31 फेब्रुवारी’ अशी तारीख तयार करते आणि जास्तीचे तीन दिवस पुढे ढकलून 3 मार्चवर पोचते. अशा ठिकाणी फेब्रुवारीत बिलच येत नाही, आणि पुढे ते कायमचं तीन तारखेला चिकटतं. ग्राहकाला हे परवडतं, म्हणून तक्रार कुणी करत नाही. कंपनीच्या हिशेबनिसाला वर्षअखेरीस कळतं.

आपली कंपनी कुठल्या रीतीची, हे ओळखायला फेब्रुवारीची पावती उपयोगाची नाही, कारण पहिल्या दोन्ही रीतींत तिथे अठ्ठावीसच असतो. पाहायची ती मार्चची. मार्च लांब असेल तर तीस दिवसांच्या कुठल्याही महिन्यानंतरच्या एकतीस दिवसांच्या महिन्याची पावती काढा. ती 31 ची असेल तर अँकर शाबूत आहे, 30 ची असेल तर घसरण सुरू झाली आहे.

महिन्याची ही अडचण संगणकाने आणलेली नाही. हुंडी आणि वचनचिठ्ठीच्या व्यवहारात ती पूर्वीपासून होती, आणि आपल्याकडच्या 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्याला तिचं उत्तर द्यावंच लागलं. त्याचं 23 वं कलम सांगतं, की मुदत ज्या महिन्यात संपायची त्यात जुळणारी तारीख नसेल, तर ती त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपली असं धरावं. कायद्यात दिलेली उदाहरणं फार बोलकी आहेत. एक कागद 30 ऑगस्ट 1878 चा, दुसरा 31 ऑगस्ट 1878 चा, दोन्ही तीन महिन्यांच्या मुदतीचे. दोघांची मुदत 30 नोव्हेंबरलाच भरते आणि सवलतीचे तीन दिवस धरून दोघांचे पैसे 3 डिसेंबरला देय होतात. एक दिवस उशिरा लिहिलेला कागद त्याच दिवशी पिकतो. आज 30 तारखेच्या आणि 31 तारखेच्या ग्राहकाचं सप्टेंबरचं बिल एकाच दिवशी येतं, त्यामागचं तत्त्व हेच.

पण मग उलटा प्रश्न उभा राहतो. कुणी 30 सप्टेंबरला सुरुवात केली, तर त्याची तारीख ‘तीस’ की ‘महिनाअखेर’? इंग्लंडमध्ये एका भाडेकरूला या प्रश्नाची चांगलीच किंमत मोजावी लागली. घरमालकाने 30 सप्टेंबर 1978 ला व्यवसायाच्या जागेची नोटीस दिली. नव्या करारासाठी कोर्टात अर्ज करायला भाडेकरूला चार महिने होते. त्याचा अर्ज 31 जानेवारी 1979 ला दाखल झाला. त्याची बाजू अशी, की नोटीस महिन्याच्या शेवटच्या दिवशी मिळाली, तेव्हा चार महिनेही महिन्याच्या शेवटच्या दिवशीच संपायला हवेत. डॉड्स विरुद्ध वॉकर या नावाने हा खटला हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि 1981 साली निकाल लागला: मुदत 30 जानेवारीला संपली, अर्ज एक दिवस उशिरा आला. मोजायची ती तारखेला तारीख. सुरुवातीचा दिवस महिन्याचा शेवटचा होता की नव्हता, याला अर्थ नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2010 साली हिमाचल प्रदेशच्या एका लवाद प्रकरणात हाच निकाल आधाराला घेतला, आणि तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत, असं बजावलं.

वर्गणीची प्रणालीही सहसा असंच वागते. 30 तारखेला सुरू केलेली वर्गणी एकतीस दिवसांच्या महिन्यात 30 लाच येते. ‘माझं बिल महिनाअखेरीला असतं’ असं म्हणणाऱ्या दोन ग्राहकांत म्हणूनच एकाची तारीख 30 आणि दुसऱ्याची 31 असू शकते, आणि सप्टेंबर किंवा नोव्हेंबरच्या पावतीवरून दोघांतला फरक कळणारही नाही.

मोबाइलच्या रिचार्जला हा नियम लागू नव्हता, कारण तिथे महिनाच नव्हता. अठ्ठावीस दिवसांचे प्लॅन म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज, हे ग्राहकांना कळायला वेळ लागला नाही आणि दूरसंचार नियामक ट्रायकडे ओरड झाली. जानेवारी 2022 मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला प्रत्येक प्रकारात किमान एक प्लॅन तीस दिवसांचा आणि किमान एक दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवायला सांगितलं. त्याच आदेशात, ती तारीख महिन्यात नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरावा, हेही आलं. 1881 चा नियम, जवळजवळ जसाच्या तसा.

आता तारखेच्या आत शिरू, कारण खरी चुकामूक तिथे होते. अँकर ही नुसती तारीख नसते. तो दिवसातला एक ठरावीक क्षण असतो, तास-मिनिटं-सेकंदांसकट. शिवाय बऱ्याच प्रणाली तो क्षण भारताच्या घड्याळाने नोंदत नाहीत. त्या जागतिक प्रमाणवेळ धरतात, आणि आपलं घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे.

समजा, कुणी 31 जानेवारीला रात्री दोन वाजता झोप येत नाही म्हणून एक वर्गणी घेतली. आपल्यासाठी तारीख उजाडली होती एकतीस. जागतिक वेळेत मात्र तेव्हा 30 जानेवारीचे रात्रीचे साडेआठ झाले होते. अँकर झाला तीस. फेब्रुवारीत तीस नाही, म्हणून बिल 28 ला जागतिक वेळेने साडेआठला, म्हणजे आपल्याकडे 1 मार्चच्या पहाटे दोनला. मार्चमध्ये तीस आहे, तेव्हा पुढचं बिल आपल्याकडे 31 मार्चच्या पहाटे. एप्रिलच्या तीस तारखेचं बिल आपल्याकडे 1 मेला, मेचं 31 मेला, जूनचं 1 जुलैला, जुलैचं 31 जुलैला. स्टेटमेंट उघडलं तर फेब्रुवारी कोरा, मार्चमध्ये दोनदा पैसे गेलेले. एप्रिल कोरा, मेमध्ये दोनदा. जून कोरा, जुलैमध्ये दोनदा. कुणीही म्हणेल, दोनदा कापले, फसवलं. वर्षाची बेरीज केली तर बाराच भरतात. ग्राहक सेवेला फोन लावण्याआधी म्हणूनच महिन्यांऐवजी दोन पावत्यांमधले दिवस मोजावेत. 1 मार्च आणि 31 मार्च यांच्यात तीस दिवस आहेत. हा एक अख्खा बिलाचा महिना आहे. दोन पावत्यांत दोन-चार दिवसांचंच अंतर असेल, तर मात्र तक्रार नक्की करावी.

मग रद्द करायचा शेवटचा दिवस कुठला? लोक साधारण असा विचार करतात: ‘माझं बिल 31 ला असतं, तेव्हा 30 पर्यंत रद्द केलं की झालं.’ जानेवारीत, मार्चमध्ये, मेमध्ये हे चालून जातं. सप्टेंबरात अंगलट येतं, आणि फेब्रुवारीत तर तीस तारीख उजाडण्याआधीच सगळं संपलेलं असतं.

31 ऑगस्टला रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी वर्गणी सुरू करणारी एखादी शिक्षिका घ्या. तिचा चालू महिना 30 सप्टेंबरला रात्री नऊ-दहाला संपतो. नऊ-दहापर्यंत जुना महिना, नऊ-दहापासून नवा. मधे फट नाही. तीस तारखेचा दिवस आपला, असं समजून ती जेवणं आटोपून दहा वाजता रद्द करायला बसली, तर नवं बिल तयार झालेलं असतं आणि तिचं रद्द करणं ऑक्टोबरच्या शेवटी लागू होतं. महिन्याचे पैसे गेले. उलट तिने 3 सप्टेंबरलाच रद्द केलं असतं, तरी बहुतेक सेवा 30 च्या त्या क्षणापर्यंत चालूच ठेवतात. म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत थांबून मिळवायचं काही नसतं. अपवाद फुकटच्या चाचणीकाळाचा. काही सेवा तो रद्द करताक्षणी बंद करतात, म्हणून तिथे आधी अटी वाचाव्यात.

भारतातल्या ग्राहकाच्या मदतीला इथे रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ऑक्टोबर 2021 पासून तो पुरता लागू झाला. कार्डावर किंवा यूपीआयवर ठरलेल्या मुदतीने आपोआप पैसे कापायचे असतील, तर कापण्याआधी किमान 24 तास ग्राहकाला सूचना गेली पाहिजे. त्या सूचनेत व्यापाऱ्याचं नाव, रक्कम, कापण्याची तारीख आणि वेळ असायला हवी, आणि तेवढा एक व्यवहार किंवा पूर्ण मॅन्डेट नाकारायची सोयही. वर्गणीसारख्या व्यवहारांत रक्कम 15,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर ओटीपीसारखी वेगळी मंजुरी दर वेळी लागते. त्या खालच्या रकमा मात्र सूचना गेली की विनाविचारणा कापल्या जातात.

हा मेसेज आपण बहुधा न वाचताच पुसतो, पण अँकर 31 आहे की 30, वेळ इथली की जागतिक, हा सगळा गुंता त्यात आयता सोडवून मिळतो. शिक्षिकेला तो 29 सप्टेंबरच्या रात्री नऊ-दहाच्या आधी यायला हवा. त्यातली तारीख 30 सप्टेंबर असल्याचं पाहिलं की एकतिसाचा भ्रम तिथल्या तिथे संपतो. उलट काही कंपन्या बिल ठरल्या क्षणी तयार करतात आणि सूचनेचे 24 तास त्यानंतर मोजू लागतात. तिथे पैसे एखादा दिवस उशिरा जातात आणि स्टेटमेंटवर 1 ऑक्टोबर दिसतो. ती तारीख धरून पुढच्या महिन्याचा अंदाज बांधला, तर तो हमखास चुकणार. आपल्या कामाची तारीख कंपनीच्या पावतीवर ‘कालावधी’ किंवा ‘पुढील नूतनीकरण’ या शब्दांपुढे छापलेली असते; बँकेची नोंद नंतरची.

चाचणीकाळाचं गणित वेगळं आहे. सात दिवस फुकट म्हणून 24 जानेवारीला नाव नोंदवलं, तर बिलाचा अँकर 24 नसतो; चाचणी संपते तो 31 जानेवारी असतो. असा एकतीस तारखेचा ग्राहक स्वतः त्या दिवशी काहीच न करता तयार होतो. ॲपलच्या वर्गण्यांत चाचणी संपण्याच्या किमान 24 तास आधी रद्द करा असं सांगितलेलं असतं. म्हणजे 31 ला दुपारी संपणाऱ्या चाचणीसाठी 30 ची दुपार ही शेवटची वेळ. 31 ची सकाळ उशिराची. खात्यात पैसे नसल्याने बिल अडलं आणि चार दिवसांनी भरलं, तर काही कंपन्या त्या दिवसालाच नवा अँकर करतात. मधेच मोठा प्लॅन घेतला तरी काही ठिकाणी असंच होतं. या दोन्ही गोष्टींनंतर आधीची तारीख डोक्यातून काढून टाकावी.

म्युच्युअल फंडवाल्यांनी यातून सोपी वाट काढली आहे. बऱ्याच ठिकाणी एसआयपीसाठी 1 ते 28 एवढ्याच तारखा निवडायला देतात. 29, 30, 31 निवडताच येत नाहीत, त्यामुळे घसरण नाही आणि वादही नाही. कर्जाच्या हप्त्यालाही बँका पाच, सात, दहा अशा महिन्याच्या सुरुवातीच्या तारखा देतात. वर्गणीच्या ॲपमध्ये तारीख निवडायला मिळत नाही, पण नाव कधी नोंदवायचं हे आपल्याच हातात असतं. महिनाअखेरीला घ्यायची वर्गणी दोन दिवस थांबून 2 तारखेला घेतली, तर वर्षभर ती 2 लाच येते. वार्षिक वर्गणीत 29 फेब्रुवारी टाळावी. 29 फेब्रुवारी 2024 ची वर्गणी 2025, 2026 आणि 2027 मध्ये साधारणपणे 28 ला येते आणि 2028 मध्ये पुन्हा 29 ला.

रद्द करताना आणखी एक घोळ होतो. बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन मॅन्डेट रद्द केलं की पैसे जाणं थांबतं, पण कंपनीच्या वहीत वर्गणी चालूच राहू शकते. तिचं बिल निघतं, वसूल होत नाही, आणि थकबाकीचे ईमेल येऊ लागतात. म्हणून आधी कंपनीच्या ॲपमध्ये वर्गणी रद्द करावी, ‘सेवा अमुक तारखेपर्यंत सुरू राहील’ अशी ओळ असलेला ईमेल येईपर्यंत थांबावं, आणि मग मॅन्डेटला हात लावावा. फेब्रुवारीत रद्द करताना त्या ओळीत 28 फेब्रुवारी लिहिलेलं असेल, तर रद्द करणं वेळेत झालं. 31 मार्च लिहिलेलं असेल, तर मार्चचं बिल तयार झालेलं आहे. बँकेची 24 तासांची सूचना अजून मुदतीत असेल, तर तिच्यातल्या दुव्यावरून तेवढा व्यवहार नाकारता येतो, आणि त्याच ईमेलला उत्तर देऊन बिल मागे घ्यायला कंपनीला सांगता येतं.